पत्र्यावरचा पांढरा गंज आणि फाईलमधला ‘बहुधा’: वॉरंटी क्लेमचा सारांश कसा लिहायचा

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे अर्धवट सुटलं होतं ते इथे पूर्ण केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर एक इअरफोन काढून ठेवा, स्टेशन चुकायला नको.

आजचा विषय कळंबोलीचा आहे. कळंबोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला एक्स्प्रेसवेची सुरुवात आठवते, आणि आपल्याला लोखंड बाजार. रस्त्याकडेला ट्रेलर, त्यावर पत्र्याचे गोल गुंडाळे, म्हणजे कॉइल, बाजूला हायड्रा क्रेन आणि पावसाळा असेल तर सगळ्यावर निळी ताडपत्री. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथल्या एका स्टीलच्या यार्डासाठी आमची टीम क्लेमच्या नोंदींची सिस्टिम लिहिते. त्यामुळे गेली काही वर्षं माझ्या डोळ्यांखालून क्लेमच्या फायली जातात. माल खराब निघाला म्हणून ग्राहकाने केलेली तक्रार, त्यावरची ई-मेल, तपासणीच्या नोंदी, आणि कोणीतरी घेतलेले निर्णय, असं सगळं त्यात असतं.

अशी फाईल तीस-चाळीस पानांची असते. क्वालिटी मॅनेजरकडे तेवढा वेळ नसतो. त्यांना एक पान हवं असतं, आणि ते पान लिहिणारा बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात ज्युनिअर माणूस असतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तेच काम करत असणार. म्हणून आज एकच फाईल घेऊ आणि ती शेवटपर्यंत उलगडू. ही फाईल मी समजावण्यासाठी जुळवलेली आहे. तारखा, वजनं, पानांचे नंबर उदाहरणाचे आहेत, आणि नाव कोणाचंच नाही. पण असे कागद या बाजारात रोज फिरतात.

आधी गंज समजून घेऊ

जीपी कॉइल म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. एसीचे डक्ट, शेड, कपाटं, सगळीकडे तोच. १२० ग्रेड म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जाडी साधारण साडेआठ मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी वगैरे.

हे जस्त मोकळ्या हवेत ओलं झालं आणि वाळलं तर फार काही होत नाही. पण कॉइलमध्ये पत्र्याचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. मधे पाणी शिरलं की ते वाळत नाही, आणि तिथे हवाही पोचत नाही. मग जस्तावर पांढरी भुकटी धरते. तोच पांढरा गंज.

पाणी शिरायच्या वाटा तीन. एक, वाहतुकीत पाऊस लागला. दोन, गोदामात ओल धरली. आणि ओल धरायला पाऊसच लागतो असं नाही. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २७ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव साचतं. पाच टनांची कॉइल रात्री गार झाली की सकाळी लवकर तापत नाही. बाहेर दमट हवा, आत गार पत्रा, झालं काम. तिसरी वाट कारखान्यातली. जस्तावर गंज रोखणारा एक पातळ रासायनिक थर देतात, तो नीट बसला नसेल तर थोड्या ओलाव्यातही गंज धरतो.

तीनही वाटांचा शेवट पांढऱ्या डागातच होतो. पण पैसे कोणी भरायचे ते वाटेवर ठरतं. क्वालिटी मॅनेजरला खरं तर एवढंच हवं असतं: कुठल्या टप्प्यावर पाणी शिरलं, आणि हे आपण कशावरून म्हणतोय?

फाईलमध्ये काय आहे

कळंबोलीच्या यार्डातून चाकणच्या एका छोट्या डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपला तीन कॉइल गेल्या. एकूण १५.२ टन. किलोला ७५ रुपये धरले तर ११ लाख ४० हजारांचा माल. गाडी २ जुलैला संध्याकाळी भरली, ३ जुलैला सकाळी खाली झाली.

८ जुलैला वर्कशॉपच्या मालकांनी यार्डाच्या सेल्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. १४ जुलैला रीतसर ई-मेल केली: तिन्ही कॉइलवर पांढरा गंज, पूर्ण माल बदलून द्या. १९ जुलैला यार्डाचा इंजिनिअर चाकणला जाऊन तपासून आला. २१ जुलैला सेल्सने क्वालिटीला ई-मेल लिहिली. २४ जुलैला सेल्सच्या साहेबांनी फोनवर ‘काहीतरी क्रेडिट नोट देऊ’ असं सांगितल्याची एक ओळ आहे.

आता या फाईलचा नेहमी दिसतो तसा सारांश ऐका:

‘ग्राहकाची तक्रार ११ दिवसांनी आली, मुदत ७ दिवसांची होती. तपासणीत गंजाचं कारण ग्राहकाची चुकीची साठवण असल्याचं आढळलं. सद्भावना म्हणून क्लेम अंशतः मान्य.’

वाचायला मस्त. छोटा, स्वच्छ. आणि यातलं जवळपास प्रत्येक वाक्य फाईलमध्ये त्या रूपात नाहीच. एकेक बघू.

‘बहुधा’ कुठे हरवला

साठवणीचं वाक्य घेऊ. इंजिनिअरची नोंद पान १४ वर आहे. ती अशी: ‘कॉइल १ पॅकिंग काढून ठेवलेली. शेडची एक बाजू उघडी. साठवणीत ओल लागली असण्याची शक्यता. वाहतूक तपासावी.’

पान १७ वर सेल्सची ई-मेल: ‘तपासणीत साठवणीचा दोष दिसला.’

आणि सारांशात: ‘कारण ग्राहकाची चुकीची साठवण असल्याचं आढळलं.’

बघा, दोन उड्यांमध्ये काय काय गळालं. ‘शक्यता’ गेली. ‘वाहतूक तपासावी’ गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते वाक्य फक्त कॉइल १ बद्दल होतं, ते तिन्ही कॉइलना लागलं. यात कोणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने आपल्या आधीच्याचं थोडक्यात लिहिलं, एवढंच. पण एक अंदाज चालत चालत निष्कर्ष झाला, आणि चाकणच्या वर्कशॉपचे काही लाख त्या निष्कर्षावर अडकले.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. सारांशातल्या प्रत्येक वाक्याला पान नंबर द्यायचा, आणि ते पान असं निवडायचं की जिथे ती गोष्ट पहिल्यांदा लिहिली गेली. नंतरच्या ई-मेलमध्ये तीच गोष्ट पुन्हा आली तर तो पुरावा नाही, तो निरोप आहे. पान १७ चा आधार दिला की चूक दिसत नाही. पान १४ चा द्यायला गेलात की ‘शक्यता’ हा शब्द समोर येऊन उभा राहतो.

दुसरं, क्रियापद जपायचं. ‘पाहिलं’, ‘मोजलं’, ‘सांगितलं’, ‘अंदाज केला’, ‘ठरवलं’. हे पाच शब्द वेगळे ठेवले तरी अर्धं काम होतं. ‘आढळलं’ हा शब्द मात्र शक्यतो टाळा. त्यात पाहिलेलं आणि वाटलेलं दोन्ही बसतं, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

प्रत्येक कॉइल वेगळी

तक्रार ‘तीन कॉइल’ म्हणते म्हणून सारांशही ‘तीन कॉइल’ म्हणतो. तपासणीची नोंद मात्र तीन वेगळ्या गोष्टी सांगते.

कॉइल १, ५.१ टन. ५ जुलैला उघडली, निम्मी वापरून झाली, उरली २.६ टन. डाग पत्र्याच्या मधल्या भागातही, आतल्या वेढ्यांपर्यंत.

कॉइल २, ५ टन. पॅकिंग फोडलेलं नव्हतं, ते तपासणीच्या दिवशी समोर उघडलं. आतला कागद खालच्या बाजूला ओला होऊन वाळलेला, त्यावर पाण्याची रेघ उमटलेली. डाग फक्त बाहेरच्या सहा-सात वेढ्यांवर, एकाच कडेला, खालच्या अंगाला.

कॉइल ३, ५.१ टन. स्वच्छ.

आता तुम्हीच सांगा, पॅकिंगमधली कॉइल २ शेडमधल्या दमट हवेने खराब झाली असेल का? दवाचा डाग बहुतेक दोन्ही कडांना सारखा येतो. इथे एकच कड आणि खालचं अंग. पाणी वरून आलं, खाली साचलं, तिथे बसलं, असं ते चित्र आहे. आणि कारखान्यातला थर कच्चा असता, तर त्याच लॉटची कॉइल ३ इतकी स्वच्छ राहिली असती का? अवघड वाटतं, पण यावरून ते पक्कं होत नाही. थर आहे की नाही ते बघायची एक सोपी चाचणी असते. स्वच्छ पुसलेल्या जागी लेड अॅसिटेटच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. उघडं जस्त असेल तर काही सेकंदांत काळं पडतं, थर असेल तर वेळ लागतो. ही चाचणी फाईलमध्ये नाही. मग सारांशात ‘केलेली नाही’ असं लिहायचं.

कोटिंग गेजचे आकडे आहेत. कॉइल २ वर स्वच्छ जागी ८.९ मायक्रॉन, डाग पुसून ८.६. एखादा उत्साही माणूस लिहील: ‘गंजामुळे कोटिंग कमी झालं.’ थांबा. हातातल्या गेजची चूकच साधारण एक मायक्रॉनपर्यंत असू शकते. तेव्हा ०.३ चा फरक म्हणजे फरक नाहीच. या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की दोन्ही ठिकाणी मुलामा ग्रेडच्या जवळपास आहे, म्हणजे गंज वरवरचा दिसतो. पाणी कोणाच्या ताब्यात असताना शिरलं, ते गेज सांगू शकत नाही. आकडा दिसला की तो सगळ्या प्रश्नांचं उत्तर देतो असं वाटतं. तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे तेही सारांशात शेजारी लिहा.

चलनाची मागची बाजू

या फाईलचा सगळ्यात महत्त्वाचा कागद पान ६ वर आहे. डिलिव्हरी चलन. पुढच्या बाजूला माल, वजन, गाडी नंबर, शिक्का. मागच्या बाजूला पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सही, आणि त्याच्या वर वर्कशॉपच्या स्टोअरवाल्याने पेनाने लिहिलंय: ‘ताडपत्री फाटकी. एक कॉइल ओली.’ तारीख ३ जुलै. खाली ड्रायव्हरचीही सही.

स्कॅन करताना खूपदा पुढचीच बाजू जाते. ई-मेलमध्ये तर तीच जोडलेली असते. पण माल उतरवताना, भांडण सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बाजूंच्या माणसांनी सही केलेला हा एकच कागद आहे. नंतरची प्रत्येक ई-मेल कोणीतरी आपली बाजू सांभाळत लिहिलेली असते. ही ओळ तशी नाही. म्हणून क्लेमची फाईल वाचताना ई-मेलपासून सुरू करू नका. आधी चलन, एलआर, काटा पावती बघा, दोन्ही बाजू, आणि मग पत्रव्यवहार.

एवढ्याने संपत नाही. ‘एक कॉइल’ म्हणजे कुठली? नंबर लिहिलेला नाही. कॉइल २ शी जुळतं, पण ते आपण जोडतोय. सारांशात तसंच लिहा: ‘कोणती कॉइल ते लिहिलेलं नाही, कॉइल २ च्या कागदावरच्या रेघेशी जुळतं.’

आणि गाडी कोणाची होती? पान २ वरच्या ऑर्डरमध्ये दर ‘चाकण पोहोच’ असा आहे, म्हणजे गाडी यार्डाने लावली. तेव्हा पाणी वाटेत शिरलं असेल, तर यार्ड ग्राहकाकडे बोट दाखवू शकत नाही. यार्डाला वाहतूकदाराकडे जावं लागेल. तिथे मुदत आहे. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा करता येत नाही. गाडी २ जुलैची, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी ती खिडकी बंद. मॅनेजरसाठी ही तारीख गंजाच्या फोटोपेक्षा महत्त्वाची, आणि नेहमीच्या सारांशात ती नसतेच.

‘उशिरा’ आणि ‘मान्य’

‘तक्रार ११ दिवसांनी आली.’ ई-मेल धरली तर ११. पण व्हॉट्सअॅप ८ जुलैचं, म्हणजे पाचव्या दिवशी. आणि चलनावरची ओळ तर पहिल्याच दिवसाची. इनव्हॉइसच्या मागे अट आहे ‘७ दिवसांत लेखी कळवावे’. व्हॉट्सअॅप लेखी धरायचं की नाही, ते सारांश लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. तिन्ही तारखा एकाखाली एक ठेवायच्या आणि प्रश्न मॅनेजरसमोर ठेवायचा. ‘११ दिवस’ एवढंच लिहिलं, की आपण निकाल देऊन मोकळे झालो.

आता ‘मान्य’. सेल्सच्या साहेबांनी फोनवर क्रेडिट नोट म्हटलं. तो व्यवहाराचा निर्णय आहे. ग्राहक टिकावा म्हणून पैसे देणं वेगळं, आणि आपला माल किंवा आपली सेवा सदोष होती असं मानणं वेगळं. सारांशात ‘क्लेम मान्य’ गेलं की सिस्टिममध्ये तो दोष म्हणून मोजला जातो, कारखान्याकडे डेबिट नोट जाते, सुधारणेची कारवाई सुरू होते, आणि तीही चुकीच्या कारणावर. उलट ‘अमान्य, पण सद्भावना’ असं लिहिलं तर फाटक्या ताडपत्रीवर कोणीच काही करत नाही. पुढच्या पावसात तीच गाडी, तीच ताडपत्री.

म्हणून निर्णयापुढे चार गोष्टी लिहा: कोणी घेतला, कधी, कुठल्या आधारावर, आणि लेखी आहे का. इथे आधार लिहिलेला नाही, आणि तोंडी आहे. तेवढंच लिहायचं.

अजून एक. कॉइल १ चा २.५ टन पत्रा डक्टमध्ये गेला. माल वापरला म्हणजे हक्क संपला, असं बाजारात सर्रास म्हणतात. १९३० चा मालविक्री कायदा इतका सरळ नाही. वापरलेला माल नाकारून परत करता येत नाही, पण दोष सिद्ध झाला तर नुकसानभरपाई मागता येते. म्हणून ‘वापरलेला, सबब बाद’ असं सारांशात परस्पर लिहू नका.

मग तो एक पानाचा सारांश

आता पुन्हा लिहू. हा स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल.

*ठरवायचं काय:* कॉइल २ चं पाणी वाहतुकीतलं मानायचं का? कॉइल १ साठी पुढची तपासणी करायची का?

*मागणी:* तीन कॉइल, १५.२ टन, पूर्ण बदल (पान ९). तपासणीत डाग कॉइल १ आणि २ वर, कॉइल ३ स्वच्छ (पान १४).

*तारखा:* २ जुलै गाडी भरली (पान ५). ३ जुलै पोहोच, ‘ताडपत्री फाटकी, एक कॉइल ओली’, ड्रायव्हरची सही (पान ६ मागे). ५ जुलै कॉइल १ उघडली (पान १४). ८ जुलै व्हॉट्सअॅप फोटो (पान ८). १४ जुलै ई-मेल (पान ९). १९ जुलै तपासणी (पान १४).

*पाहिलेलं, मोजलेलं:* कॉइल २ पॅकिंगमध्ये, कागदावर पाण्याची रेघ, डाग एका कडेला, बाहेरच्या सहा-सात वेढ्यांवर. मुलामा ८.६ ते ८.९, फरक गेजच्या चुकीच्या आत. कॉइल १ उघडी, २.६ टन शिल्लक, डाग आतपर्यंत (पान १४, १५).

*अंदाज:* इंजिनिअर: कॉइल १ ला साठवणीत ओल लागली असण्याची शक्यता, वाहतूक तपासावी (पान १४). सेल्स: साठवणीचा दोष (पान १७), वेगळा पुरावा जोडलेला नाही.

*निर्णय:* क्रेडिट नोट देऊ, सेल्स, २४ जुलै, तोंडी, रक्कम आणि आधार नाही (पान १९).

*फाईलमध्ये नाही:* वाहतूकदाराचं म्हणणं, लेड अॅसिटेट चाचणी, गाडी भरतानाचे फोटो, चलनावरच्या कॉइलचा नंबर.

*मुदत:* वाहतूकदाराला नोटीस, डिसेंबरअखेर.

झालं. हा पहिल्यापेक्षा लांब आहे, पण एका पानात बसतो. आणि यात कारण लिहिलेलंच नाही, हे लक्षात आलं का? कॉइल १ चं कारण या फाईलवरून कळत नाही. कॉइल २ चं बरंच कळतं. वाचणाऱ्याला ते अर्ध्या मिनिटात दिसतं, आणि ठरवायचं काम त्याच्याकडेच राहतं.

पाठवण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. सारांश चाकणच्या त्या मालकांसमोर आणि आपल्या सेल्सवाल्यासमोर, दोघांसमोर ठेवला असं समजा. दोघं निकालावर भांडतील, भांडू द्या. पण दोघांपैकी कोणी ‘अहो, असं मी म्हटलंच नव्हतं’ असं म्हणू शकत असेल, तर ते वाक्य पुन्हा पान उघडून तपासा.

तुमच्या कामात अशी फाईल असेल, गाडीची, मशीनची, मोबाईलची, तर नावं झाकून तिचा सारांश पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण तो सोबत वाचू. आणि हो, पावसाळा तोंडावर आहे. यार्डात ओळखीचं कोणी असेल तर सांगा, गाडी सुटायच्या आधी ताडपत्रीसकट एक फोटो काढून ठेवा. तो फाईलमध्ये असला की अर्धा सारांश आपोआप लिहून होतो.

चला, भेटू पुढच्या भागात!